युनिट तिप्पट, बिल चौपट: स्लॅबचा हिशेब नक्की कसा लागतो?

ओसरी

या महिन्याचं घरचं बिल आलं आणि मी चक्रावले. मागचे दोन्ही महिने १२० युनिट होते, या वेळी ३६०. युनिट बरोबर तिप्पट झाले, मग बिलही तिप्पट यायला हवं ना? ते चौपटीच्याही किंचित वर गेलंय. शेजारच्या काकूंचं म्हणणं असं की ३०० च्या पुढे एक जरी युनिट गेलं तरी सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो. तसं असेल तर महिनाअखेरीस मीटरकडे डोळे लावून बसावं लागेल.

चर्चेला सोपं जावं म्हणून दर गोल करून देते आणि वहन आकार त्यातच मिळवते. पहिल्या १०० युनिटांना ६ रुपये, १०१ ते ३०० ला ११, ३०१ ते ५०० ला १५, त्यापुढे १७. स्थिर आकार १३० रुपये आणि वीज शुल्क १६ टक्के. कुणी रीतसर मांडून दाखवेल का?

---

पाणपोई

काकू बरोबर सांगतायत. ३०० ओलांडलं की स्लॅब बदलतो, म्हणजे तुमचे ३६० च्या ३६० युनिट १५ च्या दराने गेले. आमच्याकडे सगळे २९० च्या आसपास आलं की गीझर बंद करतात.

---

गणितवेडी

पाणपोई, थांबा. तुमचं खरं मानून हिशेब करू. ३६० गुणिले १५ म्हणजे ५४००, त्यात १३० मिळवले की ५५३०, आणि त्यावर १६ टक्के शुल्क धरलं की ६४१४ रुपये ८० पैसे होतात. हे १२० युनिटांच्या बिलाच्या जवळजवळ सहापट आहे. ओसरीताई तर चौपट म्हणतायत. म्हणजे त्यांच्या बिलात तसं झालेलंच नाही.

स्लॅब एकावर एक चढत जातात. तुम्ही कितीही वीज वापरा, पहिली १०० युनिटं स्वस्तातच मिळतात. त्यापुढची २०० मधल्या दराने, आणि ३०० च्या वर जी गेली तेवढ्यांनाच १५. तुमचे ३६० असे पडतात:

१०० युनिट × ६ = ६००
२०० युनिट × ११ = २२००
६० युनिट × १५ = ९००
वीज आकार ३७००, स्थिर आकारासह ३८३०
त्यावर १६ टक्के शुल्क ६१२.८०
एकूण ४४४२.८०

आता मागचं बिल. १०० चे ६०० आणि वरच्या २० युनिटांचे २२० मिळून ८२०, स्थिर आकारासह ९५०, शुल्कासह ११०२. ४४४२.८० ला ११०२ ने भागलं की ४.०३ येतं. तुमची चौपट हीच.

युनिट तिप्पट होऊन बिल चौपट का झालं, तर १२० पैकी १०० युनिटं सहाच्या दराची होती, आणि नव्याने वाढलेल्या २४० मधलं एकही सहाच्या दराचं नाही.

---

ओसरी

ताई, आता डोक्यात शिरलं. म्हणजे ३०० वरून ३०१ वर गेलं तर काय होतं?

---

गणितवेडी

एका युनिटाचे १५ आणि त्यावरचं शुल्क, म्हणून १७ रुपये ४० पैसे वाढतात. ३०० ला ३३९८.८०, ३०१ ला ३४१६.२०. कडा नाही, नुसता चढ बदलतो.

---

पाणपोई

पण माझा मावसभाऊ केरळात असतो. तो शपथेवर सांगतो की त्याच्याकडे मर्यादा ओलांडली की सगळं बिल वरच्या दराने येतं. तो काय खोटं बोलतो?

---

निवृत्त_लाइनमन

भाऊ खोटं बोलत नाही. केरळात महिन्याला २५० युनिटांपर्यंत चढत्या स्लॅबने आकारणी होते. २५० ओलांडले की सगळ्या युनिटांना एकच दर लागतो, पहिल्या १०० लासुद्धा. तिथे बहुतेक घरांना दोन महिन्यांचं एकत्र बिल येतं, म्हणून ती रेषा बिलावर ५०० ची दिसते. तिथे खरोखर कडा आहे आणि त्या एका युनिटाला जपण्यात अर्थ आहे. महाराष्ट्रातले घरगुती स्लॅब १००, ३०० आणि ५०० वर बदलतात आणि ते चढते आहेत. राज्य बदललं की रीत बदलते, म्हणून नातेवाइकांच्या बिलावरून आपलं बिल ताडू नये.

आता ओसरीताईंना एक विचारतो. दोन महिने लागोपाठ १२० आणि १२०? घरात माणसं राहतात तिथे अगदी तोच आकडा दोनदा येणं मला पटत नाही. त्या दोन बिलांवर ‘मागील रीडिंग’ आणि ‘चालू रीडिंग’ काय आहे ते बघा. मीटरचा फोटो छापला असेल तर तोही बघा.

---

तिसरा_मजला

माझाही प्रश्न बिलाचाच आहे म्हणून इथेच विचारतो. मी भाड्याने राहतो. मीटर मालकांचं, माझ्या खोलीला छोटा सबमीटर. गेल्या महिन्यात माझे १२० युनिट भरले. मालक म्हणतात, “तुमच्यामुळे आम्ही वरच्या स्लॅबला गेलो, म्हणून तुमच्या युनिटांना वरचा दर.” हे योग्य आहे का? ओसरीताईंसारखंच धरा, एकूण ३६०, त्यातले माझे १२०.

---

कुमुदिनी

धागा वेगळा आहे हो, पण प्रश्न चांगला आहे. माझी साधी रीत अशी: एकूण बिल भागिले एकूण युनिट. ४४४२.८० ला ३६० ने भागलं की १२.३४ येतात. तुमचे १२० म्हणजे साधारण १४८१ रुपये. कुणाचं युनिट पहिलं आणि कुणाचं शेवटचं हे मीटरला कळत नाही.

---

गणितवेडी

कुमुदिनी, मालकांच्या बाजूने बघितलं तर त्यांचे एकट्याचे २४० असते. २४० चं बिल येतं २५०५.६०. म्हणजे तिसरा_मजला यांच्यामुळे वाढले १९३७.२० रुपये. पण तिसरा_मजला यांचं स्वतःचं वेगळं मीटर असतं तर १२० युनिटांना ११०२ च भरावे लागले असते, तेही स्थिर आकार धरून. पहिली १०० स्वस्त युनिटं दोघांत मिळून एकदाच मिळाली, त्यावरून हा वाद आहे. ११०२ आणि १९३७ या दोन टोकांच्या मध्ये कुठे थांबायचं हे गणित ठरवत नाही, ते आधी बोलून ठरवायचं. मला स्वतःला सरासरी दर बरा वाटतो.

---

तिसरा_मजला

मालकांनी १२० गुणिले १७.४० लावून २०८८ मागितलेत.

---

गणितवेडी

ते मात्र चूक. तुमच्या वाट्याच्या १२० पैकी सगळे जरी वरचे धरले, तरी ३०० च्या पुढे फक्त ६० च आहेत. उरलेले ६० मधल्या स्लॅबचेच. ६० गुणिले १७.४० आणि ६० गुणिले १२.७६ केलं की १८०९.६० येतात.

---

माळरान

इथे एक विसंगती दिसतेय. आधी तुम्ही म्हणालात मालकांचे १९३७.२० वाढले, आता म्हणता १८०९.६०. दोन्ही एकच असायला हवेत.

---

गणितवेडी

माळरान, बरोबर पकडलंत. २४० चं बिल पुन्हा मांडते: १०० चे ६००, १४० चे १५४०, मिळून २१४०. स्थिर आकारासह २२७०, शुल्कासह २६३३.२०. ४४४२.८० मधून ते वजा केले की १८०९.६० च उरतात. तिसरा_मजला, वरचं टोक १८०९.६० धरा. २०८८ कुठल्याच रीतीने येत नाहीत.

---

ओसरी

निवृत्त_लाइनमन काका, दोन्ही जुनी बिलं काढली. दोन्हींवर चालू रीडिंगच्या जागी आकडाच नाही, ‘आरएनए’ लिहिलंय, आणि फोटोची चौकट रिकामी आहे. मागील रीडिंग दोन्हींवर एकच आहे. या महिन्यात मात्र फोटो आहे आणि रीडिंग तेव्हापेक्षा ६०० ने पुढे आहे. आमच्या जिन्याचं दार दुपारी बंद असतं, तेव्हा माणूस येऊन परत गेला असावा.

---

निवृत्त_लाइनमन

मला तीच शंका होती. आरएनए म्हणजे रीडिंग मिळालं नाही. अशा वेळी आधीच्या वापरावरून सरासरी काढून बिल देतात. तुमचे ते १२० कुणी मोजलेच नव्हते. खरा वापर तीन महिन्यांत मिळून ६०० झाला, त्यातले २४० बिलात आले आणि उरलेले ३६० तिसऱ्या महिन्याच्या गळ्यात पडले.

आता नीट बघा. हे ३६० एका महिन्याचे नाहीत. तीन महिन्यांचं रीडिंग एकदम मिळालं तर स्लॅबही तीन महिन्यांचे धरायला हवेत. ६०० ला तिनाने भागा, महिन्याला २०० येतात. २०० युनिटांचा वीज आकार ६०० अधिक ११००, म्हणजे १७००. तीन महिन्यांचे ५१००. आधी ८२० दोनदा लागले, म्हणजे १६४०. ते वजा जाता या महिन्यात वीज आकार लागायला हवा ३४६०, आणि तुम्हाला लागलाय ३७००. फरक २४०, शुल्कासह २७८ रुपये ४० पैसे.

हाच घोळ २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी झाला होता. मार्चच्या अखेरीस रीडिंग थांबलं, दोन-अडीच महिने सरासरी बिलं गेली आणि जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंगचं मोठं बिल आलं. लोक संतापले. तेव्हा बिलं तपासताना आम्ही एकच गोष्ट बघायचो, स्लॅब महिन्यांच्या संख्येने वाढवून धरलेत की नाही.

---

पाणपोई

फक्त २७८? मला वाटलं निम्मं बिल कमी होईल.

---

निवृत्त_लाइनमन

नाही होणार, कारण वीज वापरलेली आहे. आधीचे दोन महिने कमी भरलं गेलं, ते आता वसूल झालं. चूक फक्त ६० युनिटांच्या दराची आहे. ते १५ ने लागले, ११ ने लागायला हवे होते. साठ चोक दोनशे चाळीस. तक्रार करताना एवढंच मागा. “माझं बिल चौपट आलं” असं लिहिलंत तर “रीडिंग बरोबर आहे” असं उत्तर येईल आणि प्रकरण बंद होईल.

---

गणितवेडी

काकांचा हिशेब दुसऱ्या बाजूने ताडून बघितला. २०० युनिटांचं एका महिन्याचं पूर्ण बिल १८३० वर शुल्क धरून २१२२.८० होतं. तीन महिन्यांचे ६३६८.४०. आणि ११०२ दोनदा अधिक दुरुस्त तिसरं बिल ४१६४.४० केलं तरी तेवढेच येतात. जुळलं.

तक्त्यात टाकायचं असेल तर `B2` मध्ये युनिट आणि `C2` मध्ये महिने लिहा:

```
=(MIN(B2,100*C2)*6
 +MAX(0,MIN(B2,300*C2)-100*C2)*11
 +MAX(0,MIN(B2,500*C2)-300*C2)*15
 +MAX(0,B2-500*C2)*17
 +130*C2)*1.16
```

`600` आणि `3` टाकलं की 6368.4 दिसेल. `360` आणि `1` टाकलं की 4442.8. दर तुमच्या बिलामागे छापलेले घाला.

---

माळरान

सूत्र छान, पण माझ्या बिलाला लावलं तर थोडा फरक येतोय. स्थिर आकारावरही शुल्क धरायचं का? माझ्या मते शुल्क विजेवर असतं, स्थिर आकार तर मीटर असल्याबद्दल.

---

कुमुदिनी

मलाही तसंच वाटायचं. पण आमचं गावाकडचं घर बंद असतं, शून्य युनिट. तिथल्या बिलात स्थिर आकारावर शुल्क लागलेलं स्पष्ट दिसतं. इथल्या दरांनी १३० चे १५०.८० होतील.

---

निवृत्त_लाइनमन

महाराष्ट्रात घरगुती शुल्क १६ टक्के आहे आणि ते स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन या सगळ्यांच्या बेरजेवर लागतं. ते पैसे राज्य सरकारकडे जातात. मागची थकबाकी आणि तिच्यावरचं व्याज या बेरजेत येत नाही. माळरान, तुमचा फरक बहुधा इंधन समायोजनाचा असेल. तो आकार महिन्यागणिक बदलतो, कधी शून्य असतो, आणि स्लॅबनुसार वेगळा असतो. बिलावर त्याची वेगळी ओळ बघा आणि १.१६ ने गुणायच्या आधी मिळवा.

---

माळरान

होय, ती ओळ मी सोडली होती. आता काही पैशांचा फरक उरतो, तो रुपयात गोल करण्याचा.

---

रानजाई

मला काकांची एक गोष्ट पटत नाही. ६०० ला सरळ तिनाने भागायचं हे कशावरून? समजा ओसरीताईंनी पहिले दोन महिने खरंच १२० च वापरले आणि तिसऱ्यात एसी लावला. मग तिसऱ्याचे ३६० खरे आहेत आणि ३७०० हाच योग्य आकार आहे. समान वाटणीने त्यांना २७८ रुपये फुकट मिळतात.

---

निवृत्त_लाइनमन

तुमचा मुद्दा बिनतोड आहे. पण मधल्या दोन महिन्यांची रीडिंगच नाहीत, तर वाटणी करायची कशाच्या आधारावर? रीडिंग घेणं हे कंपनीचं काम. ते झालं नाही तर ग्राहकाने वरचा स्लॅब का सोसावा? म्हणून दिवसांवर समान वाटतात. उलटही होतं. एखाद्याने पहिल्या महिन्यात ४५० आणि पुढच्या दोनांत ७५-७५ वापरले, तरी त्याला २०० चाच हिशेब मिळतो.

---

रानजाई

म्हणजे ज्याचा वापर एका महिन्यात एकवटलेला असतो त्याचा फायदा, आणि ज्याचा सारखा असतो त्याला काहीच नाही. मला हे अजून खटकतंय.

---

ओसरी

खरं सांगते, आम्ही एसी लावला तो मागच्या पंधरवड्यात. पण पहिल्या दोन महिन्यांतही १२० नक्कीच नव्हते, घरात पाहुणे होते. किती ते आता कुणीच सांगू शकणार नाही. आजपासून दर एक तारखेला मीटरचा फोटो काढून ठेवणार, तारीख दिसेल असा.

---

माळरान

फोटो एक तारखेपेक्षा रीडिंगच्या तारखेच्या आसपास काढा. बिलावर मागच्या आणि या रीडिंगची तारीख छापलेली असते. त्या दोन तारखांमधले दिवसही मोजा. रीडिंग उशिरा घेतलं आणि ४५ दिवस भरले तर तिथेही स्लॅब दीडपट व्हायला हवेत. ३६० युनिट ४५ दिवसांचे असतील तर १५० सहाने आणि २१० अकराने, म्हणजे ३२१० होतात. एका महिन्याचे धरले तर ३७००.

---

पाणपोई

मग ३१ दिवसांच्या महिन्याला काय?

---

गणितवेडी

तेवढ्याने फार काही होत नाही. ३० ऐवजी ३१ धरले तर पहिला स्लॅब १०३ चा आणि दुसरा ३१० पर्यंतचा होतो. ओसरीताईंच्या ३६० युनिटांना वीज आकारात पंचावन्न-साठ रुपयांचा फरक पडेल. बिल करणारी प्रणाली दिवस मोजते की महिना धरते, ते तुमच्या बिलावरच्या स्लॅबच्या आकड्यांवरून कळतं. तिथे १०० आणि २०० असेच गोल आकडे असतील तर महिना धरलाय.

आणि पाणपोई, तुमच्या गीझरबद्दल. २९० ला बंद करून खास काही साधत नाही, पण ३०० च्या पुढे वाचवलेलं प्रत्येक युनिट १७.४० वाचवतं, सरासरीचे १२.३४ नव्हे. ओसरीताईंनी पुढच्या महिन्यात ३६० चे ३२० केले तर ६९६ रुपये कमी होतील. त्याच ४० युनिटांची बचत १०० च्या आत असलेल्या घराने केली तर २७८ च वाचतात.

---

पाणपोई

हे पटलं. मग एसीचा टायमर लावायला ३०० ची वाट बघायला नको, वरचं युनिट जेव्हा वाचेल तेव्हा वाचेल.

---

ओसरी

तक्रार नोंदवली. काकांनी सांगितलं तसंच लिहिलं: तीन बिलांचे क्रमांक, दोनवर आरएनए, तिसऱ्यात ६०० युनिटांचा एकत्र फरक, स्लॅब तीन महिन्यांचे धरून वीज आकारात २४० ची दुरुस्ती. फक्त इथले गोल दर काढून बिलामागचे खरे दर घातले. बिलाची मुदत जवळ आली होती म्हणून पूर्ण रक्कम भरून टाकली, दुरुस्ती पुढच्या बिलात वजा मागितली आहे.

---

निवृत्त_लाइनमन

भरलंत ते बरं केलंत, नाहीतर विलंब आकार लागला असता. पुढच्या बिलात ‘समायोजित रक्कम’ अशी ओळ उणे चिन्हाने दिसायला हवी. ती आली की शुल्कासह आली की नुसते २४० च, ते तपासा. शुल्काचे ३८ रुपये ४० पैसे बहुतेकदा मागे राहतात.

---

तिसरा_मजला

मालकांना दोन्ही हिशेब दाखवले, १४८१ चा आणि १८०९ चा. २०८८ सोडायला तयार झालेत. सरासरीवर येत नाहीत, म्हणतात मीटर माझं, स्वस्त १०० आधी माझ्या. यावर कुणाकडे मुद्दा आहे का?

---

कुमुदिनी

स्थिर आकारातला वाटा ते तुमच्याकडून घेतायत का? घेत असतील तर मीटर त्या वाट्यापुरतं तुमचंही झालं, मग स्वस्त युनिटंही त्याच प्रमाणात. तिथून सुरुवात करा.